आधी तीळ बघा, मग डाग

मे महिन्याच्या शेवटी माझ्या नणंदेने फोनमध्ये दोन फोटो शेजारी शेजारी लावून मला दाखवले. पहिला एप्रिलच्या मध्यावरचा, ती त्वचेच्या डॉक्टरांकडे पहिल्यांदा गेली त्या आठवड्यातला. दुसरा त्यानंतर साधारण सहा आठवड्यांनी काढलेला. "वहिनी, तूच बघ. जेल लावून चेहरा आणखी बिघडलाय. मी बंद करतेय."

ती सत्तावीस वर्षांची, वर्ण गव्हाळ. दोन्ही गालांवर आणि हनुवटीवर मुरमं, आणि जुनी मुरमं बसून गेल्यावर मागे राहिलेले तपकिरी डाग. डॉक्टरांनी रात्री लावायला अ‍ॅडापलीन ०.१ टक्के जेल दिलं होतं, सकाळी सनस्क्रीन, आणि तीन महिन्यांनी दाखवायला या म्हणून सांगितलं होतं. अ‍ॅडापलीनचा मुरमांवरचा परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. पहिल्या काही आठवड्यांत चेहरा कोरडा पडतो, लालसर होतो, काहींना मुरमं वाढल्यासारखीही वाटतात. त्यामुळे सहाव्या आठवड्यात निकाल लावणं तसंही घाईचं होतं. पण मी एका रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात रुग्णांचे फोटो काढते, त्यामुळे माझं लक्ष आधी त्या फोटोंकडेच गेलं. ती म्हणते ते त्या फोटोंत खरंच दिसतंय का, हा माझा प्रश्न होता.

नव्हतं दिसत. आणि ते कशावरून कळलं हे नीट सांगण्यासारखं आहे, कारण कुणाच्याही फोनमधल्या जुन्या फोटोंची अशी तपासणी करता येते.

मी सर्वांत आधी तिचा तीळ शोधला. तिच्या डाव्या जबड्यावर, कानाच्या पाळीपासून तीनेक बोटं खाली, एक ठसठशीत तीळ आहे. पहिल्या फोटोत तो पडद्याच्या एका बाजूला होता, दुसऱ्यात विरुद्ध बाजूला. पहिला फोटो सेल्फी कॅमेऱ्याने काढलेला आणि त्या फोनने तो आरशातल्यासारखा उलटा साठवलेला. दुसरा तिच्या मैत्रिणीने मागच्या कॅमेऱ्याने काढलेला, म्हणजे सुलटा. सहा आठवड्यांत "या गालावर डाग वाढले" असं ती ज्याबद्दल म्हणत होती, तिथे ती प्रत्यक्षात डावा गाल उजव्या गालाशी ताडून पाहत होती. उजव्या गालावर तिला पहिल्यापासूनच जास्त डाग आहेत.

मग मी डोळे मोठे करून पाहिले. बुबुळात प्रकाशाचं प्रतिबिंब पडतं, आणि फोटो काढताना उजेड कुठून आणि कसा येत होता हे ते प्रतिबिंब सांगून टाकतं. पहिल्या फोटोत तिच्या बुबुळात एक मोठा चौकोन होता, गजांच्या रेघांसकट. म्हणजे हॉलची खिडकी समोर होती. दुसऱ्यात बुबुळाच्या अगदी वरच्या कडेला एक बारीक पांढरी पट्टी होती. ती बाथरूममधल्या आरशावरची ट्यूब. खिडकीचा मोठा, मऊ उजेड समोरून चेहऱ्यावर पसरतो आणि उंचवट्यांच्या सावल्या भरून काढतो. वरून येणाऱ्या ट्यूबच्या उजेडात प्रत्येक मुरमाच्या खाली त्याची स्वतःची सावली पडते. मुरूम तेवढंच असतं, पण फोटोत ते दुप्पट खोल आणि गडद दिसतं. डोळ्यांखाली काळवंडल्यासारखं वाटतं, तेही तसंच.

पहिल्या फोटोत आणखी दोन गोष्टी होत्या. कपाळावरच्या बारीक केसांच्या जागी नुसता धुरकट पट्टा होता आणि भुवईचे केस एकमेकांत मिसळल्यासारखे दिसत होते. सेल्फी कॅमेऱ्यात चेहरा गुळगुळीत करणारी सोय चालू असली की असं होतं. बऱ्याच फोनमध्ये ती आधीपासूनच चालू असते, आणि ती मुरमांबरोबर भुवया आणि बारीक केसही पुसते. म्हणून संशय आला की गालाकडे न बघता भुवयांकडे बघावं. दुसरी गोष्ट मी तिला विचारली : त्या दिवशी चेहऱ्यावर काय होतं? "काहीच नाही गं. फक्त सनस्क्रीन आणि वरून कॉम्पॅक्ट." तिच्या हिशेबात तो मेकअप नव्हता. पण कॉम्पॅक्टची पावडर चेहऱ्यावरची तेलाची चमक घालवते आणि डागांवर एक पातळ थर चढवते, आणि टिंटेड सनस्क्रीनमध्ये तर लोहाचे रंगीत ऑक्साइड असतातच. दुसऱ्या फोटोत ती नुकतीच तोंड धुऊन आलेली होती, गाल चोळून पुसलेले आणि लाल.

अंतराचंही तेच. सेल्फी हाताच्या अंतरावरून घेतलेला, मैत्रिणीचा फोटो त्याहून लांबून. जवळून काढलेल्या फोटोत नाक आणि गालांचा पुढचा भाग मोठा दिसतो, कान मागे सरकतात. २०१८ मध्ये चेहऱ्याच्या प्लास्टिक सर्जरीवरच्या एका अमेरिकन नियतकालिकात याचं गणिती मॉडेल छापून आलं होतं. पाच फुटांवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत बारा इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक सुमारे ३० टक्के रुंद दिसतं, असा त्याचा निष्कर्ष होता. नाक रुंद दिसतं तेव्हा नाकाशेजारच्या गालावरचं सगळंच मोठं दिसतं, डागही.

आता यातला पहिला फोटो चांगला आणि दुसरा वाईट, असं नाही. दोन्ही फोटो आपापल्या जागी खरे आहेत. फक्त त्यांच्यामधला फरक खिडकी, ट्यूब, कॉम्पॅक्ट, आरसा आणि अंतर या सगळ्यांचा मिळून आहे, आणि त्यातून जेलचा वाटा वेगळा काढण्याचा कुठलाही मार्ग नाही. नंतर रंग सुधारून, उजेड वाढवूनही नाही, कारण सावली पडलेल्या जागी कॅमेऱ्याने जे टिपलं नाही ते संपादनाने परत येत नाही. मी तिला एवढंच म्हटलं की या फोटोंवरून जेल बंद करू नकोस आणि चांगलं आहे म्हणूनही चालू ठेवू नकोस. डॉक्टरांनी सांगितलेले तीन महिने होऊ देत. आजपासून आपण नवीन मालिका सुरू करू.

नवी मालिका म्हटल्यावर तिने पहिल्यांदा खिडकीच सुचवली. सकाळी आठ वाजता, रोज त्याच खुर्चीवर, असं. वर्षातल्या इतर काही महिन्यांत ते चाललंही असतं. पण आमची मालिका मे ते ऑगस्ट अशी होणार होती आणि आम्ही पुण्यात राहतो. मे महिन्यात सकाळी आठला समोरच्या इमारतीच्या भिंतीवरून ऊन परतून आत येतं. जुलैमध्ये त्याच वेळी आभाळ भरलेलं असतं, उजेड निळसर आणि सगळीकडून सारखा येतो, सावल्या जवळजवळ नाहीशा होतात. त्या उजेडात कुणाचाही चेहरा जास्त नितळ दिसतो. शिवाय उन्हाळ्यातला रापलेपणा पावसाळ्यात उतरतो तो वेगळाच. मेमध्ये सुरू करून जुलैमध्ये तपासलेली कुठलीही क्रीम खिडकीजवळच्या फोटोंत गुणकारी ठरेल. म्हणून पडदे ओढायचे, खोलीतले बाकी दिवे बंद करायचे आणि उजेड आपला आपण आणायचा, असं ठरवलं.

घरात दोन टेबल लॅम्प होते. त्यांच्यासाठी एकाच खोक्यातले, एकाच बनावटीचे नऊ वॅटचे दोन पांढरे एलईडी बल्ब घेतले. कॅमेऱ्याच्या डावीकडे आणि उजवीकडे, चेहऱ्याच्या उंचीवर, दोन्ही गालांकडे तिरके वळवून ते ठेवले. समोर बटर पेपर लावला, बल्बला न चिकटता. दोन बाजूंनी सारखा उजेड आला की सावल्या कमी पडतात आणि रंगातला फरक, म्हणजे डाग, स्वच्छ दिसतो. याच्या जोडीला दर वेळी एक जादा फोटो फक्त डावा दिवा लावून आणि एक फक्त उजवा लावून काढायचा. बाजूने येणारा तिरपा उजेड उंचवटे आणि खड्डे उठवून दाखवतो. डाग आणि उंचवटे हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि एका उजेडात दोन्हींचं उत्तर नीट मिळत नाही. एलईडी लावल्यावर पहिली काही मिनिटं त्याचा उजेड किंचित बदलतो, म्हणून दिवे दहा मिनिटं आधी लावून ठेवायचे.

लॅम्पचे पाय, खुर्चीचे पाय आणि ट्रायपॉडचे पाय यांच्याभोवती फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा केल्या. कॅमेरा नाकाच्या उंचीवर, चेहऱ्यापासून एक मीटर. हे अंतर विचार करून निवडलं. माणूस खुर्चीत बसताना पाचएक सेंटिमीटर पुढेमागे होतोच. कॅमेरा तीस सेंटिमीटरवर असेल तर त्या पाच सेंटिमीटरने चेहरा सहाव्या हिश्शाएवढा लहानमोठा होतो. एक मीटरवर तोच फरक विसाव्या हिश्शावर येतो. तिच्या फोनला दुप्पट झूमची वेगळी लेन्स आहे, म्हणून एक मीटरवरूनही चेहरा पुरेसा मोठा आला. पण उजेड कमी वाटला की काही फोन गुपचूप मुख्य लेन्सवर जातात आणि तोच भाग कापून मोठा करून देतात. ते टाळायला लेन्स `Pro` मोडमधून हाताने निवडायची आणि फोटोच्या तपशिलात ती खरंच वापरली गेली का हे पाहायचं.

त्याच `Pro` मोडमध्ये बाकीचे आकडे गोठवले. उजेडाची संवेदनशीलता म्हणजे आयएसओ २००, शटर १/५० सेकंद, आणि कोणता उजेड पांढरा धरायचा हे ठरवणारा व्हाइट बॅलन्स ५५०० केल्विन. शटरचा आकडा मुद्दाम निवडलेला आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असते, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. १/५० किंवा १/१०० ठेवलं तर प्रत्येक फोटोत पूर्ण लुकलुकी येतात. त्याहून वेगवान शटर ठेवलं तर फोटोत आडवे पट्टे येऊ शकतात किंवा दोन फोटोंचा उजेड वेगळा येतो. ज्यांच्या फोनमध्ये असा मोड नाही त्यांना निदान बोट दाबून धरून फोकस आणि उजेड बांधून टाकता येतो. आयफोनवर तेव्हा वर `AE/AF LOCK` असं दिसतं. मात्र त्याने उजेडाचं मोजमाप बांधलं जातं ते बोट ठेवलेल्या जागेवरून, म्हणून दर वेळी बोट त्याच जागी, समजा नाकाच्या शेंड्यावर, ठेवावं लागतं.

गळ्याशी, कॉलरच्या जागी, एक करडं कार्ड क्लिपने लावायचं. फोटोग्राफीच्या दुकानात १८ टक्के ग्रे कार्ड म्हणून मिळतं. अंगावर दर वेळी तोच पांढरा टॉवेल, कारण भगवी किंवा लाल ओढणी जबड्यावर आपला रंग टाकते. केस हेअरबँडने मागे. टिकली काढलेली. ओठ मिटलेले, नजर भिंतीवरच्या खुणेकडे. आणि लेन्स मऊ कापडाने पुसलेली. अंगठ्याचा तेलकट ठसा लेन्सवर असला की सगळ्या फोटोवर हलका धुरकटपणा येतो आणि चेहरा मुलायम वाटतो. हे मी कामावर इतक्या वेळा पाहिलं आहे की फोन हातात आला की आधी लेन्सच बघते.

त्वचेच्या तयारीबद्दल आम्ही थोडे कडक राहिलो. फोटो सकाळी, आंघोळीआधी. गरम पाण्याने चेहरा लाल होतो, व्यायामानेही. आदल्या दिवशी हळदीचा लेप नाही, कारण हळद त्वचेच्या बारीक रेषांत दुसऱ्या दिवशीपर्यंत राहते आणि पिवळेपणाने डागांचा रंग बदलतो. सकाळी नेहमीच्याच फेसवॉशने तोंड धुवायचं, टॉवेलने टिपायचं, घासायचं नाही, आणि मग वीस मिनिटं काही न लावता बसायचं. धुतल्याची लाली तेवढ्यात उतरते. मॉइश्चरायझर, सनस्क्रीन सगळं फोटोनंतर. फोटोआधी ओल्या कापसाने कानशील आणि केसांची कड पुसायची. तिथे कापसावर रंग आला तर आदल्या दिवशीचं सनस्क्रीन चेहऱ्यावरही उरलंय असं समजून पुन्हा धुवायचं.

अंतर चार आठवड्यांचं ठेवलं, आणि त्याला कारण आहे. पाळीच्या आधीच्या आठवड्यात तिची मुरमं वाढतात, बऱ्याच जणींची वाढतात. दर पंधरा दिवसांनी फोटो काढले असते तर एक आड एक फोटो वाईट दिसला असता आणि त्याचा जेलशी काही संबंध नसता. तिची पाळी साधारण अठ्ठावीस दिवसांची आहे, म्हणून चार आठवड्यांनी ती पुन्हा त्याच टप्प्यावर येते. ज्यांची अनियमित असते त्यांनी तारखेऐवजी पाळीच्या दिवसावर मोजावं, म्हणजे पाळी सुरू झाल्यापासून दहाव्या दिवशी, असं.

पहिल्या सकाळी आम्ही एक काम केलं जे घरी फोटो काढणारे सहसा करत नाहीत. सगळे फोटो काढून झाल्यावर तिला उठवलं, ट्रायपॉड उचलून भिंतीशी ठेवला, दिवे बंद केले. तासाभराने सगळं पुन्हा मांडून तेच फोटो पुन्हा काढले. एका तासात त्वचा बदलत नाही. त्यामुळे या दोन संचांत जो काही फरक दिसेल तो सगळा आपल्या पद्धतीचा. पुढच्या महिन्यांत त्याहून मोठा फरक दिसला तरच तो त्वचेचा मानायचा. मी मोठ्या पडद्यावर फोटो लावून दोन्ही गाल आणि हनुवटीवरची उंच, फुगलेली मुरमं मोजली. पहिल्या संचात एकोणीस, दुसऱ्यात एकवीस. म्हणजे दोनाचा फरक हा आमच्यासाठी शून्यच.

डागांसाठी GIMP या मोफत प्रोग्रॅममधलं `Color Picker` वापरलं. त्यात `Sample average` चालू केलं की एका पिक्सेलऐवजी छोट्या चौकोनाची सरासरी मिळते, आणि माहितीच्या खिडकीत `CIE LAB` निवडलं की L हा आकडा उजळपणा सांगतो. प्रत्येक गालावरचे दोन डाग निवडले आणि डागाचा L त्याच्या लगतच्या, डाग नसलेल्या त्वचेच्या L मधून वजा केला. नुसता डागाचा आकडा घेतला तर उजेड थोडा वाढल्यावर डागही उजळ दिसतो. शेजारच्या त्वचेशी फरक घेतला की दोन्ही एकत्र वर जातात आणि फरक बऱ्यापैकी तसाच राहतो. पूर्ण तसाच नाही, कारण फोन फोटोच्या वेगवेगळ्या भागांत उजेड आपल्या मनाने थोडा कमीजास्त करतोच. त्यामुळे उजेड बांधण्याची गरज यानेही सुटत नाही. पहिल्या दिवशी डाव्या गालाचा फरक सरासरी ९ आला, तासाभरानंतरच्या संचात ८. उजव्याचा १० आणि १०. इथेही एकाचा फरक म्हणजे काहीच नाही.

आता तीळ. तिळाचा रंग दोनतीन महिन्यांत बदलत नाही, आणि बदललाच तर तो डॉक्टरांना दाखवण्याचा वेगळा विषय आहे. म्हणून कुठलाही नवा फोटो उघडला की गालाकडे बघायच्या आधी तीन गोष्टी बघायच्या असं आम्ही ठरवलं : करड्या कार्डाचा रंग, तिळाचा रंग, आणि जबड्यावरचा तीळ ते भुवईच्या टोकाजवळचा दुसरा बारीक तीळ हे अंतर पिक्सेलमध्ये. पहिल्या दोन गोष्टी उजेड सांगतात, तिसरी अंतर आणि डोक्याचा कोन. या तिन्ही जुळल्या तरच पुढे जायचं.

जूनअखेरीच्या फोटोंत हे कामाला आलं. नणंदेने स्वतःच मांडामांड करून फोटो काढले आणि संध्याकाळी मला दाखवायला धावत आली. "वहिनी, डावा गाल बघ, किती उजळलाय!" खरंच, डावा गाल सोनेरी, तजेलदार दिसत होता, डाग फिकट झालेले. उजवा जवळजवळ होता तसाच. मी फोटो मोठा करून जबड्यावरच्या तिळाकडे गेले. मेमध्ये तो गडद चॉकलेटी होता, आता तांबूस. मग कार्ड. मेमध्ये त्याच्या तिन्ही रंगांचे आकडे सारखे होते, ११८ च्या आसपास. आता उजवीकडच्या कडेला तसेच होते, पण डावीकडच्या कडेला लाल १३१, हिरवा ११९ आणि निळा ९८. एकाच कार्डाची एक बाजू करडी आणि दुसरी पिवळट.

"डावा दिवा बदललाय का?" मी विचारलं. तिला माहीत नव्हतं. सासूबाई आतून म्हणाल्या, "अगं, तो बल्ब गेला होता. मी कपाटातला दुसरा लावला." कपाटातला बल्ब पिवळ्या उजेडाचा होता. पिवळ्या उजेडात तपकिरी डाग आणि आसपासची त्वचा यांतलं अंतर कमी वाटतं, सगळंच ऊबदार दिसतं. गोठवलेल्या व्हाइट बॅलन्समुळे चूक लपली नाही, हे इथे महत्त्वाचं. ऑटोवर ठेवलं असतं तर फोनने दोन्ही उजेडांच्या मधलं काहीतरी निवडलं असतं, डावा गाल थोडा कमी पिवळा, उजवा थोडा निळसर दिसला असता, आणि "डावा सुधारला, उजवा काळवंडला" अशी अगदी पटणारी गोष्ट तयार झाली असती. तिचा चेहरा पडला. पण दुसऱ्याच दिवशी खोक्यातला सुटा बल्ब लावून सगळे फोटो पुन्हा काढले. खोक्यातले दोन बल्ब राखीव ठेवा असं मी मेमध्ये सांगितलं होतं ते यासाठीच.

नव्या फोटोंत कार्ड जुळलं, तीळ जुळला, तिळांमधलं अंतर ५४८ ऐवजी ५४६ पिक्सेल, म्हणजे तेच. मुरमं सतरा. एकोणीस ते एकवीसच्या मानाने कमी, पण आमच्या दोनाच्या फरकापलीकडे जेमतेम. डागांचा फरक डावीकडे ९, उजवीकडे १०. म्हणजे जूनअखेर, अ‍ॅडापलीन सुरू करून दहाएक आठवडे झाल्यावर, ठामपणे म्हणता येईल असं एकच होतं : चेहरा बिघडलेला नाही. तिला याहून जास्त हवं होतं हे मला कळत होतं. तरीही मी तेवढंच सांगितलं.

जुलैअखेरीच्या फोटोंत तिळांमधलं अंतर ५६९ आलं, जवळजवळ चार टक्के जास्त. खुर्चीचे पाय खुणांवर होते, मग तीच पुढे झुकली असणार. पाठ खुर्चीला टेकवून लगेच पुन्हा काढले तेव्हा ५५० आलं. या वेळी मुरमं अकरा. हा फरक आमच्या दोनाच्या कितीतरी बाहेर होता आणि बाजूच्या उजेडातल्या फोटोंतही तसाच दिसत होता. डागांचा फरक डावीकडे ७, उजवीकडे ९. डावीकडे काहीतरी सुरू झालं होतं, उजवीकडचं अजून म्हणता येत नव्हतं. लांबलेली डॉक्टरांची भेट त्याच आठवड्यात झाली. फोटो त्यांनी पाहिले आणि जेल चालू ठेवायला सांगितलं.

ऑगस्टअखेर मुरमं आठ, डाग डावीकडे ६, उजवीकडे ८. आकडे माझ्या हातून मोजले गेलेत आणि कोणता फोटो कधीचा हे मला माहीत होतं, म्हणून एक वेगळी तपासणी केली. चार महिन्यांचे समोरचे चार फोटो, कार्ड आणि टॉवेल कापून, नावं क, ख, ग, घ अशी बदलून, तिच्या भावाला म्हणजे माझ्या नवऱ्याला आणि तिच्या एका मैत्रिणीला दिले. त्यांना फक्त एवढं सांगितलं की हे वाईटाकडून चांगल्याकडे लावा. दोघांनी ऑगस्टचा सगळ्यात शेवटी आणि जुलैचा त्याच्या आधी लावला. मे आणि जूनची जागा नवऱ्याने बरोबर लावली, मैत्रिणीने उलटी. चार फोटो चोवीस प्रकारे लावता येतात, त्यामुळे दोघांनाही शेवटचे दोन योगायोगाने बरोबर लागणं अवघड आहे. आणि मे-जूनबद्दल त्यांचं एकमत न होणं हे आकड्यांशी जुळतंच.

हे फोटो बघताना पडद्याचीही काळजी घ्यावी लागली. रात्री पडदा पिवळा करणारी सोय बंद, उजेड एका ठरलेल्या पातळीवर, चारही फोटो एकाच पडद्यावर. मैत्रिणीला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवले, कारण साधा फोटो म्हणून पाठवला की तो लहान होतो आणि त्वचेचा पोत त्यात सपाट होतो.

या पद्धतीला काही गोष्टी जमत नाहीत. बारीक बंद मुरमं, जी बोटाला लागतात पण दिसत नाहीत, एक मीटरवरच्या फोटोत मोजता येत नाहीत. आम्ही ती मोजलीच नाहीत. लाल डाग आणि तपकिरी डाग एकाच L आकड्यात मिसळतात. पारदर्शक काचेने दाबल्यावर लाल डाग फिका पडतो आणि तपकिरी तसाच राहतो, म्हणून ती तपासणी डॉक्टरांनी हातानेच केली. आणि चेहरा सुधारला यातला किती वाटा जेलचा, किती सनस्क्रीनचा, किती पावसाळ्यात कमी झालेल्या उन्हाचा, हे फोटो सांगू शकत नाहीत. चेहरा बदलला की नाही, तेवढंच ते प्रामाणिकपणे सांगतात.

डॉक्टरांनी ऑगस्टअखेर उजव्या गालावरच्या डागांसाठी अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिडची क्रीम जोडली आहे. ऑगस्टचा संच त्यामुळे जुन्या मालिकेचा शेवटचा आणि नव्याचा पहिला झाला, आणि तोही आम्ही तासाभराच्या अंतराने दोनदा काढून ठेवला. दिवाळीत तिला नवा फोन घ्यायचाय. नव्या फोनचा कॅमेरा रंग आणि उजेड वेगळ्या पद्धतीने हाताळणार, आकडे तेच ठेवले तरी. म्हणून ज्या सकाळी नवा फोन वापरायला सुरुवात करायची, त्याच सकाळी दोन्ही फोनवर पूर्ण संच काढायचा. जुन्या फोनचा संच मागच्या महिन्यांशी ताडायचा, नव्याचा पुढच्यांशी, आणि दोन फोनचे फोटो एकमेकांशेजारी लावायचे नाहीत.